नानांची शुगर ‘छान’ होती तेव्हा

सांगलीतलं एक घर उदाहरणादाखल घेऊ. घर मी रचलेलं आहे, पण त्यात घडणारं काहीही कल्पनेतलं नाही. नाना ७८ वर्षांचे. मधुमेह वीस-बावीस वर्षांचा आणि अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झालेली. आता आजार मधल्या टप्प्यावर आहे: घरातली माणसं ओळखतात, पण आज वार कोणता, जेवण झालं की नाही, हे सांगता येत नाही. सकाळी २४ आणि संध्याकाळी १४ युनिट मिक्स इन्सुलिन, ते ३०/७० म्हणतात ते. शिवाय दोन्ही वेळा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. परवाच्या रिपोर्टात एचबीएवनसी ६.६ आली आणि घरच्यांना हायसं वाटलं. एवढ्या गोंधळात शुगर तरी छान आहे!

हा ६.६ चा आकडा वाचून मधुमेहाच्या जाणत्या डॉक्टरांना मात्र काळजी वाटेल. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. दुपारी ५५ आणि रात्री २२० अशी शुगर वरखाली होत राहिली, तरी सरासरी देखणी दिसते. चाळिशीतल्या माणसाची शुगर आपण कसून खाली ठेवतो ती पुढच्या वीस वर्षांत डोळे, किडनी, नसा टिकाव्यात म्हणून. ७८ वर्षांच्या आणि विसरभोळेपणा वाढत चाललेल्या माणसाला त्या कसून धरण्याचा फायदा मिळायला वेळच उरलेला नसतो. तोटा मात्र आजच्या आज होतो: शुगर उतरते, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, किंवा माणूस पहाटे बेशुद्ध सापडतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या मार्गदर्शनात स्मरणशक्ती थोडी किंवा मध्यम ढासळलेल्या वृद्धांसाठी एचबीएवनसी ८ च्या आत असली तरी पुरे, असं धरलं आहे. उपाशीपोटीची शुगर ९० ते १५० चालते. आजार आणखी पुढे गेला की एचबीएवनसीच्या मागे लागूच नये, उपाशीपोटी १०० ते १८० असली तरी ठीक, असं ते सांगतात.

नानांच्या घरी चुकतंय कुठे हे पाहायचं तर आधी मिक्स इन्सुलिनचा स्वभाव पाहावा लागतो. त्यातला ३० टक्के भाग लवकर काम करणारा असतो. त्याचा जोर टोचल्यावर दोन ते चार तासांत असतो. उरलेल्या ७० टक्क्यांचा जोर चार ते दहा तासांच्या दरम्यान येतो. म्हणजे सकाळी आठला २४ युनिट दिले, तर त्यातले सोळा-सतरा युनिट दुपारी बारा ते संध्याकाळी सहा या वेळात कामाला लागतात. एकदा टोचल्यावर त्यांना थांबवता येत नाही. त्या वेळेला पोटात जेवण असलंच पाहिजे, ही या इन्सुलिनची अट आहे. घड्याळावर जेवणाऱ्या माणसाला ती जमते. नाना मात्र एकाला जेवायला बसले की पोळीचे दोन घास खातात आणि उरलेली पोळी रुमालात बांधून खिशात ठेवतात. कधी ‘आज माझी एकादशी’ म्हणून ताट सारतात, मग पंचांगात एकादशी असो वा नसो. सून ऑफिसात असते. दुपारी असणाऱ्या मावशींनी विचारलं, ‘नाना, जेवलात का?’ तर उत्तर येतं, ‘हो, कधीच!’

म्हणून तोंडी उत्तरावर विसंबता येत नाही, ताट बघावं लागतं. आणि या माणसांचं खाणं कमी होतं ते काही एका दिवसात नाही. दोन वर्षांत नानांचं वजन ६४ वरून ५६ किलोवर आलं. किडनीचं कामही निम्म्यावर आलं, त्यांचा ईजीएफआर ४८ आहे. वजन घटलं की इन्सुलिन कमी पुरतं, किडनी मंदावली की तेच इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. ग्लिमेपिराइडही रेंगाळतं, आणि ही गोळी पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच. दोन वर्षांपूर्वी बरोबर असलेला डोस आज तसाच चालू आहे. नाना मात्र बदलले आहेत.

संध्याकाळी चार-साडेचारला नाना चिडचिड करतात, ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराची कडी ओढतात, नाहीतर खुर्चीत मान टाकून झोपतात. डिमेन्शियात संध्याकाळी असा गोंधळ वाढतो हे खरंच आहे, त्यामुळे सगळे म्हणतात, ‘हे रोजचंच.’ पण चार वाजता बोटातून थेंब काढून बघितला तर ५२. शुगर उतरल्यावर हात थरथरणं, घाम, धडधड, भुकेची कासावीस ही लक्षणं तरुणपणी ठळक असतात. म्हातारपणी, त्यातही बराच जुना मधुमेह असेल तर ती बोथट होतात, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या धडधड झाकून टाकतात. उरतो तो फक्त मेंदूचा गोंधळ, आणि तो डिमेन्शियाच्या नावावर जमा होतो. शिवाय ‘मला कसंतरी होतंय’ हे सांगण्याचे शब्दही नानांकडे उरलेले नाहीत. त्यामुळे घरात एक सवय लावावी: वागण्यात अचानक काहीही बदललं, जास्त राग, जास्त झोप, अडखळती चाल, बोबडं बोलणं, की आधी शुगर तपासायची आणि मग कारण शोधायचं. ७० च्या खाली आली की उपाय करायचा, ५४ च्या खाली ती गंभीर समजायची.

आता दुहेरी डोसाकडे वळू. यात लोक विसरभोळ्या माणसालाच दोष देतात. पण नानांच्या घरी ते घडलं दोन शहाण्या माणसांच्या मधल्या फटीत. ब्यूरोच्या मावशींची पाळी आठला बदलते, सकाळी आठ आणि रात्री आठ. इन्सुलिनची वेळही नेमकी तीच. एका संध्याकाळी साडेसातला नानांनी स्वतःच पेन घेतलं. पंधरा वर्षांची सवय, हात आपोआप चालतो; डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत. दिवसपाळीच्या मावशी ते बघून निघून गेल्या. सव्वाआठला रात्रपाळीच्या मावशींनी विचारलं, ‘नाना, इंजेक्शन घेतलं?’ ‘नाही.’ त्यांनी १४ युनिट टोचले. साडेआठला सून घरी आली आणि टेबलावर दोन वापरलेल्या सुया दिसल्या.

शुगर तपासली तर १६८. इथेच पुष्कळ घरं फसतात. १६८ म्हणजे ठीक आहे, आता जेवतील, झोपतील! पण हा आकडा इन्सुलिन कामाला लागण्याच्या आधीचा आहे. २८ युनिटमधले आठ-साडेआठ युनिट साधारण दहा ते बाराच्या सुमाराला जोर धरणार आणि उरलेले जवळजवळ वीस मध्यरात्रीपासून पहाटे सहापर्यंत, म्हणजे घर झोपेत असताना. वर संध्याकाळची ग्लिमेपिराइड पोटात आहेच. सुनेने दोन गोष्टी बरोबर केल्या. नानांना लगेच वरण-भात आणि दूध दिलं, आणि सकाळपर्यंत न थांबता डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, ‘आणा त्यांना, रात्र इथेच काढू.’ दर तासाला शुगर बघत होते. एक वाजता ती ५८ झाली. शिरेतून ग्लुकोज दिलं. पहाटे चारला पुन्हा ७० च्या आसपास, पुन्हा ग्लुकोज. सकाळी दहाला नाना चहा मागत होते.

दवाखान्यात न्यायचं की नाही, हे ठरवताना त्या क्षणाच्या शुगरपेक्षा इतर गोष्टी जास्त मोजायच्या. माणूस खात नाहीये, गुंगीत आहे, शुगर आताच १०० च्या खाली आहे, ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, घरात ग्लुकोमीटर नाही, किंवा रात्रभर दर दोन तासांनी उठून तपासणारं कोणी नाही, यातलं एकही लागू असेल तर दवाखानाच. फक्त जेवणापुरतं झटपट इन्सुलिन दुप्पट झालं असेल तर धोक्याचे तास पहिले चार-पाच. मिक्स किंवा लांब पल्ल्याचं दुप्पट झालं तर पुढचा पूर्ण दिवस नजर ठेवावी लागते.

घरी शुगर ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतोय, तर तीन चहाचे चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून द्यावी. साधारण १५ ग्रॅम होते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तितकीच. वर आली की मग दूध, पोळी, काहीतरी टिकणारं. बिस्किट किंवा पेढ्याने सुरुवात करू नये, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, साखरपाण्याचा एक चमचाही नाही, कारण तो श्वासनलिकेत जातो. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरात ठेवायला दिलं असेल आणि शिकवलं असेल तर ते याच वेळेसाठी.

आणि दिलं की नाही हेच आठवत नसेल तर? टाइप २ मधुमेहात याचं उत्तर एकच: पुन्हा देऊ नका. एक डोस हुकला तर शुगर दिवसभर चढलेली राहील, तपासत राहता येईल, उद्या जागेवर येईल. दोनदा गेला तर रात्र निघेलच असं नाही.

आता मूळ प्रश्न, रोजच्या डोसाचा. दुहेरी डोसाच्या त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी नानांची औषधयोजना सोपी केली. याला चांगला आधार आहे. बॉस्टनच्या जॉसलिन डायबिटीज सेंटरच्या डॉ. मेधा मुनशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्या आणि शुगर उतरणाऱ्या टाइप २ च्या वृद्धांना त्यांनी सकाळी एकदाच लांब पल्ल्याचं ग्लार्जिन आणि जोडीला गोळ्या, यावर आणलं. शुगर उतरण्याचा वेळ बराच कमी झाला आणि एचबीएवनसी मात्र बिघडली नाही. तिथून आलेली पद्धत आज अमेरिकन असोसिएशनच्या मार्गदर्शनात आहे. मिक्स इन्सुलिनवर असलेल्या माणसासाठी तिचं गणित असं: दिवसभराचे एकूण युनिट घ्या, त्यांचे ७० टक्के काढा, आणि तेवढं लांब पल्ल्याचं इन्सुलिन सकाळी एकदाच द्या.

नानांचे एकूण ३८, त्याचे ७० टक्के म्हणजे सत्तावीसच्या आत-बाहेर. पण वजन घटलेलं आणि शुगर वारंवार उतरणारी, म्हणून डॉक्टरांनी आणखी खाली येऊन २२ वर सुरुवात केली. ग्लिमेपिराइड बंद. नुसतं मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा चालू ठेवलं, किडनी अजून तेवढं झेलते. जोडीला लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅमची एक गोळी, जिच्यामुळे शुगर उतरण्याची भीती फारच कमी आणि किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. सुनेने एक काम त्याच दिवशी केलं: ड्रॉवरमधल्या जुन्या एकत्र गोळीच्या सगळ्या स्ट्रिप काढून टाकल्या. नाहीतर पुढच्या महिन्यात कोणीतरी ‘नानांची शुगरची गोळी’ म्हणून तीच देणार.

सकाळच का? ग्लार्जिनचं काम दिवसभर बऱ्यापैकी एकसारखं चालतं, मिक्ससारखा दुपारी झटका नाही, त्यामुळे एखादं जेवण अर्धं राहिलं तरी त्यावर पुष्कळ निभावतं. सकाळी घरातलं जबाबदार माणूस ऑफिसला जाण्याआधी समोर असतं. आणि चूक झालीच तर तिचे पुढचे तास उजेडात, माणसं जागी असताना जातात.

पहिल्या आठवड्यात उपाशीपोटीची शुगर रोज लिहिली: १४२, १६८, १३१, १७५, १५६, १४९, १६२. सातपैकी चार दिवस १५० च्या वर, म्हणजे निम्म्याहून जास्त, म्हणून २ युनिट वाढवून २४. नियम उलटही आहे: आठवड्यात दोनदा ८० च्या खाली आली तर २ युनिट कमी. एका दिवसाच्या २१० वर डोस हलवायचा नाही. रात्री दोन वाट्या शिरा खाल्ला असेल तर सकाळी २१० येणारच. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.७ आली. घरातल्या एका नातेवाइकाने, ‘वाढली की!’ म्हणून नाक मुरडलं. डॉक्टरांना हवी होती ती हीच.

नवीन इन्सुलिन घरात येताना एक खास आपल्याकडचा धोका असतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची. पेनमधलं आणि काही बाटल्यांतलं मात्र १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतून जुन्या लाल टोपणाच्या सिरिंजने २२ च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात २२ नव्हे, ५५ युनिट जातात. दिसायला सगळं बरोबर दिसतं. म्हणून जुन्या सिरिंजही स्ट्रिपांबरोबरच घराबाहेर गेल्या पाहिजेत, आणि शक्यतो पेनच घ्यावं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ज्या दिवशी इन्सुलिन माणसाच्या हातून घरच्यांच्या हाती जातं, तो पहिला आठवडा धोक्याचा असतो. आधीच्या काही महिन्यांत माणूस अधूनमधून डोस विसरत असतो, शुगर चढते, डॉक्टर कागदावरचा डोस वाढवतात. कागदावर ३८ युनिट असतात, पण अंगात रोज ३८ जात नसतात. मुलगी किंवा सून काटेकोरपणे सगळे डोस द्यायला लागली की तोच डोस पहिल्यांदाच पूर्ण लागू पडतो. त्यात नाना वर्षानुवर्षं बेंबीच्या उजव्या बाजूला एकाच जागी टोचत होते. तिथे कातडीखाली रबरासारखी गाठ झालेली असते आणि तिच्यातून इन्सुलिन अर्धवट शोषलं जातं. नवीन जागी टोचलं की ते पुरतं शोषलं जातं. त्यामुळे हात बदलतोय हे डॉक्टरांना आधी सांगावं, बहुतेक वेळा ते डोस थोडा खाली आणतात, आणि त्या आठवड्यात शुगर जास्त वेळा बघायला सांगतात.

नानांच्या घरी आता टोचतं एकच माणूस: सून, सकाळी साडेसातला. ती गावाला गेली तर मुलगा. पाळीची मावशी नाही. पेन फ्रिजच्या दारातून हलवून कुलपाच्या कपाटात गेलं, कारण दिसलं की नानांचा हात जायचा. टोचण्याआधी नाही, टोचल्यावर लगेच कालनिर्णयच्या चौकोनात युनिट आणि वेळ लिहिली जाते. नाना दिवसातून चार वेळा, ‘माझं इंजेक्शन राहिलं,’ म्हणतात. वाद घालायचा नाही, त्यांना कालनिर्णयजवळ नेऊन बोट ठेवून दाखवायचं. अजून वाचता येतं त्यांना, ते मान हलवतात आणि परत येतात. पुढे वाचणंही सुटेल.

जेवणाच्या बाबतीत डॉक्टरांनी पथ्य जवळजवळ उठवलं. आता वजन टिकणं जास्त महत्त्वाचं आहे, चहात थोडी साखर गेली तर चालेल. ‘शुगरवाल्यांचं’ म्हणून फिकं, नावडतं जेवण पुढे केलं की खाणंच बंद होतं, आणि न खाण्याने बिघडतं ते साखरेच्या चहाने बिघडत नाही. ताटात किती उरलं हे मावशी लिहितात: पूर्ण, अर्धं, दोन घास. दोन जेवणं सलग दोन-दोन घासांवर गेली की सून दुसऱ्या दिवशी टोचण्याआधी डॉक्टरांना विचारते. उलटी-जुलाब झाले तर मेटफॉर्मिनही थांबवायचं आणि फोन करायचा.

सोपी योजना म्हणजे शुगरकडे पाठ फिरवणं नव्हे. ती सतत अडीचशे-तीनशेच्या घरात राहिली तर लघवी वाढते, कपडे ओले होतात, अंगातलं पाणी संपतं, आणि तहान लागली हे नाना सांगणार नाहीत. कोरडी जीभ, सुस्ती, नव्याने वाढलेला गोंधळ हे जास्त शुगरचंही लक्षण असतं. सलग दोनदा ३०० च्या वर दिसली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, आपल्या मनाने दोन युनिट जास्त टोचायचे नाहीत.

पुढे खाणं आणखी घटेल, गिळताना ठसका लागेल. तेव्हा २४ चे १८, १८ चे १० होतील, आणि टाइप २ च्या काही माणसांचं इन्सुलिन अगदी बंदही करता येतं. रोज बोट टोचणंही आठवड्यातून दोनदावर येतं. टाइप १ च्या माणसाला मात्र ही शेवटची सवलत नाही. तो काही खात नसला तरी थोडं लांब पल्ल्याचं इन्सुलिन त्याला द्यावंच लागतं, कारण ते पूर्ण थांबलं तर रक्तात आम्ल साठून तो एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होतो. घरातल्या वृद्धाचा मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे, हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवलेलं असावं.